प्रतिसाद: जर्मनी, चेक की पोलंड?

> जर्मनी, पोलंड, चेक तिन्हीकडे कडेला पांढरेच खांब दिसतात, मग फरक कसा कळायचा?

स्ट्रीट व्ह्यूच्या चित्रावरून देश ओळखताना आधी रस्त्याकडेच्या खांबाच्या वरच्या भागातला तिरका पट्टा बघा. लाल असेल तर सरळ पोलंड म्हणा, आणि तिथल्या खांबावर बऱ्याचदा रस्त्याचा आणि किलोमीटरचा आकडाही असतो, म्हणजे झूम केल्यावर आकडे दिसले की शंकाच मिटते.

पट्टा काळा असेल तर खरी मजा, कारण आता सगळं रिफ्लेक्टरवर येतं. समजा शेतातून जाणारा दुपदरी रस्ता आहे, उजव्या कडेच्या खांबावर काळ्या पट्ट्यात उभा आयताकृती रिफ्लेक्टर आहे. तो पांढरट असेल तर जर्मनी, नारिंगी असेल तर चेक किंवा स्लोव्हाकिया, आणि या दोघांतलं फक्त खांबावरून ठरवू नका, पाटी किंवा नंबरप्लेट शोधा.

रंग धूसर दिसला तर डाव्या कडेचा खांब बघा, जर्मनीत त्याच्यावर एका आयताऐवजी एकावर एक असे दोन गोल रिफ्लेक्टर असतात. हे लोक बघतच नाहीत! उजव्या खांबाच्या पाठीलाही तेच दोन गोल, म्हणून पुढे जाऊन कॅमेरा मागे वळवला तरी चालतं.

जर्मनीत सरळ रस्त्यावर हे खांब साधारण ५० मीटरवर असतात, त्यामुळे जवळचा अस्पष्ट असला तर थोडं पुढे सरका, दुसरा मिळतोच. गावात शिरलात तर मात्र खांब संपतात, तिथे ही युक्ती चालत नाही.