अगो की बिफोर? ‘दोन दिवसांपूर्वी’चा घोळ

मधुरा_क
ऑफिसात एका वाक्यावरून जुंपली आहे, म्हणून इथे आले. गुरुवारी, म्हणजे १५ तारखेला, मी एक मेल लिहीत होते. ज्यांच्याकडून आम्ही सॉफ्टवेअर घेतलंय त्यांच्या इंजिनिअरशी सोमवारी १२ ला फोनवर बोलणं झालं होतं. तो म्हणाला की फाईल दोन दिवसांपूर्वीच बदलली आहे. म्हणजे शनिवारी, १० ला. मी लिहिलं: ‘ही टोल्ड अस दॅट ही हॅड चेंज्ड द फाईल बिफोर टू डेज.’ शेजारच्याने ते खोडून ‘टू डेज अगो’ केलं. पलीकडची म्हणते, वाक्यात हॅड आहे, अगो चालायचंच नाही. नक्की काय लिहायचं?

गोविंदकाका
हॅड दिसलं की बिफोर, हॅड नसलं की अगो. आमच्या गुरुजींनी छडी मारून पाठ करून घेतलंय. तुमची पलीकडची बरोबर.

शब्दवेडी
काका, गुरुजींचा नियम अर्ध्यापर्यंतच चालतो. ‘वी सेंट द बिल टू डेज बिफोर द मीटिंग’ यात हॅड कुठे आहे? तरी बिफोर आहेच. खरा प्रश्न मोजणी कुठून सुरू होते हा आहे. अगो नेहमी ‘आत्ता’पासून मागे मोजतं, म्हणजे लिहिणारा ज्या दिवशी लिहितोय त्या दिवसापासून. दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजायचं असेल तर बिफोर.

मधुरा, तुझं वाक्य याच कसोटीवर बघ. तू गुरुवारी १५ ला लिहितेस. ‘टू डेज अगो’ लिहिलंस तर वाचणारा १५ मधून दोन वजा करून मंगळवार १३ धरू शकतो. तो त्यांच्या सर्व्हरवर १३ तारखेच्या नोंदी शोधत बसेल आणि तिथे काहीच सापडणार नाही. शिवाय ज्या माणसाने १२ ला फोनवर सांगितलं त्याने १३ ला काय बदललं, हाही प्रश्न पडेल. तुला शनिवार १० सांगायचाय, म्हणजे फोनच्या दिवसापासून दोन मागे. तेव्हा ‘टू डेज बिफोर’ किंवा ‘टू डेज अर्लिअर’. आकडा आधी, शब्द नंतर. ‘बिफोर टू डेज’ मात्र नाही.

उनाडटप्पू
शेवटच्या वाक्याबद्दल माझी हकीकत. परदेशातल्या एकांना लिहिलं होतं, ‘वी सबमिटेड द फॉर्म बिफोर थ्री डेज’. उलट उत्तर आलं की वा, मुदतीच्या आतच दिलात तर! त्यांनी ते ‘तीन दिवस उलटायच्या आत’ असं वाचलं होतं. मला फक्त ‘तीन दिवस झाले, अजून पोच नाही’ एवढंच कुरकुरायचं होतं. कुरकूर गेली बाजूला, शाबासकी पदरात.

रेवाकाठी
मला वाटतं प्रश्न परवाचा आहे. आपलं ‘परवा’ मागचंही असतं आणि पुढचंही, इंग्रजीत त्याला एक शब्दच नाही. मी सरळ ‘द अदर डे’ लिहिते.

शब्दवेडी
रेवा, ‘द अदर डे’ म्हणजे ‘मागे एकदा, अलीकडेच’. दोनच दिवस असं त्यातून कळत नाही. गप्पांत ठीक, पण तारखेचा तंटा असेल तिथे नको.

गोविंदकाका
बरं, ‘आय हॅव सेंट इट थ्री डेज अगो’ हे तरी चूक ना? की तेही आता चालतं?

शब्दवेडी
ते चूकच काका. हॅव आलं की गोष्ट आत्तापर्यंत पोचलेली, आणि अगो आलं की ती मागच्या एका ठरावीक दिवसाला बांधलेली. दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत. ‘आय सेंट इट थ्री डेज अगो’ म्हणा, नाहीतर दिवस न सांगता ‘आय हॅव सेंट इट बिफोर’, म्हणजे ‘याआधीही पाठवलंय’. आकडा नसलेला बिफोर हॅवबरोबर सुखाने राहतो.

पोथीनिष्ठ
अगो हा ‘अग्र’ या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश असावा. अग्र म्हणजे पुढचे, आधीचे.

शब्दवेडी
नाही हो. जुन्या इंग्रजीतलं ‘निघून जाणे’ अशा अर्थाचं क्रियापद, त्याचं ‘गेलेला’ हे रूप म्हणजे अगो. आजच्या ‘गो’चाच गोतावळा. म्हणून आकडा आधी येतो: तीन दिवस गेलेले. आपण ‘पाठवून तीन दिवस झाले’ म्हणतो, जवळजवळ तसंच. अग्राचा संबंध नाही.

उनाडटप्पू
पण मधुराच्या शेजाऱ्याची चूक होते कशी, ते मला कळलंय असं वाटतं. आपण मराठीत ‘तो म्हणाला की’ म्हटलं की पुढचे शब्द त्याचेच ठेवतो. त्याने सोमवारी ‘दोन दिवसांपूर्वी’ म्हटलं, आपण गुरुवारीही तेच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की मोजायचं सोमवारपासून. इंग्रजीत अवतरणचिन्हं काढली की मोजणी सांगणाऱ्याकडे येते.

शब्दवेडी
अगदी हेच. अवतरणचिन्हांत त्याचे शब्द जसेच्या तसे दिले तर ‘टू डेज अगो’ बिनधास्त लिही. फोन झाला त्याच दिवशी मेल लिहिला असता तरीही चाललं असतं, कारण त्याचं आत्ता आणि तुझं आत्ता एकच. बोलताना इंग्रज मंडळीही हॅडनंतर अगो वापरून मोकळी होतात, पण ऐकणाऱ्याला दिवस आधीच माहीत असतो.

पोथीनिष्ठ
इंग्रजीचे राहू द्या. वरच्या चर्चेत कोणी लिहिले नाही हे नशीब, पण हल्ली सर्रास ‘दोन दिवसांआधी’ लिहितात. ही हिंदीची उसनवारी. शुद्ध रूप ‘दोन दिवसांपूर्वी’.

रेवाकाठी
आमच्या आजीच्या तोंडी ‘दिवसांआधी’च होतं आणि तिला हिंदी येत नव्हतं. तिचं मराठी अशुद्ध कसं?

शब्दवेडी
मी ‘दोन दिवसांपूर्वी’ आजपासून मोजते आणि ‘मीटिंगच्या दोन दिवस आधी’ मीटिंगपासून. म्हणजे मराठीत सगळ्याला ‘पूर्वी’च आहे असंही नाही.

पोथीनिष्ठ
‘मीटिंगच्या दोन दिवस पूर्वी’ असेही छापले जाते. मग तुमचा भेद कुठे राहिला?

मधुरा_क
मी मेलमध्ये ‘ऑन सॅटरडे, द टेन्थ’ लिहून पाठवून दिलं. अगो नाही, बिफोर नाही.

गोविंदकाका
हा पळपुटेपणा झाला.

उनाडटप्पू
काका, मेल शुक्रवारी उघडला काय नि सोमवारी, दहा तारीख दहाच राहते. ‘टू डेज अगो’ला ती सोय नाही.

पोथीनिष्ठ
रेवाताई, आजीबाईंच्या ‘दिवसांआधी’वर अनुस्वार होता का, ते ऐकून ठरवता येणार नाही. ‘दिवसाआधी’ म्हणत असतील तर अर्थच निराळा, ‘त्या दिवसाच्या आधी’.

रेवाकाठी
आजी ‘दिवसांआधी’च म्हणायची. मी ऐकलंय, तुम्ही नाही.