मदत हवी आहे: परत आलेल्या मालामुळे स्टॉक रिपोर्ट आणि लेजर जुळत नाही

म्हापशात आमचा रंगांचा घाऊक धंदा आहे, हिशेब मी पाहते. मालाचे मूल्य चल सरासरीने धरतो. नग बरोबर आहेत, मोजून पाहिले. फरक फक्त रकमेत आहे: एका प्रकारच्या डब्यांवर स्टॉक रिपोर्ट ३८,२५० दाखवतो, लेजर ३३,७५०.

मूळ सापडले आहे. जुलैत वास्कोच्या दुकानदाराने १० डबे परत केले, तेव्हा आमच्याकडे ३० डबे १,८०० दराने होते. परत आलेले डबे विकताना त्यांची किंमतही त्याच दराने धरली होती. लेजरमध्ये परतीची नोंद १,८०० नेच झाली, पण स्टॉकमध्ये २,२५० हा विक्रीचा दर चढला. फरक ४,५०० चा. त्यामुळे सरासरी १,९१२.५० झाली आणि नंतर विकलेल्या २० डब्यांची किंमत दोन्हीकडे त्याच फुगलेल्या दराने गेली.

म्हणजे उरलेल्या २० डब्यांचे खरे मूल्य ३६,०००. दोन्ही आकडे चुकीचे. नुसते लेजर स्टॉकला जुळवले तर चूक कायम राहील, म्हणून ते केलेले नाही.

दुकानदाराची क्रेडिट नोट बरोबर आहे, जीएसटी रिटर्न भरून झाले आहे आणि जुलै लॉक आहे. वर्ष मात्र चालूच आहे.

मग नग न बदलता स्टॉकचे मूल्य २,२५० ने उतरवून, लेजरमध्ये स्टॉक नावे व विक्री मालाची किंमत जमा अशी २,२५० ची नोंद चालू महिन्यात केली तर चालेल, की जुलै उघडून परतीचा दरच दुरुस्त करावा लागेल?