युनिफॉर्मची नोकरी आणि नखं : तुम्ही काय लावता? (अनुभव धागा)

मोगरा
हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला नवीन लागलेय. ग्रूमिंगच्या कागदावर एवढंच आहे की नखं आखूड, नेलपॉलिश न्यूड किंवा फिकट गुलाबी, आणि टवके उडालेले चालणार नाहीत. मी आणलेला बेबी पिंक माझ्या गव्हाळ हातावर खडू फासल्यासारखा दिसतो. एअरलाइन, हॉटेल, क्रूझ, कुठेही असाल तर लिहा ना, कुठला शेड, टिकवता कसा.

गगनविहारी
केबिन क्रूमध्ये होते, नंतर नवीन मुलींचं ग्रूमिंग बघायचे म्हणून जरा सविस्तर लिहिते. बेबी पिंकमध्ये पांढरा रंग भरपूर असतो, तो आपल्या हातावर वेगळा उठून दिसणारच. बाटली हाताच्या कातडीशी लावून बघू नकोस, बोटाचं टोक दाबून सोड आणि नखाखाली जो गुलाबी परत येतो त्याच्या जवळचा घे, बहुतेकींना रोझ-बेज नाहीतर फिकट मोव्ह शोभतो. आणि शीर घे, आतलं नख दिसेल असा, कारण त्यात टवका उडाला किंवा मुळाशी नख वाढलं तरी चार फुटांवरून कळत नाही. आमच्याकडे लाल पण चालायचा, पण ट्रॉलीचे लॅच उघड-बंद करून एका फ्लाइटमध्ये टोकं जायची आणि पुढच्या ब्रीफिंगला सगळ्यांसमोर पुसायला लावायचे.

लावताना अंघोळीनंतर लगेच लावू नकोस, नख पाणी पिऊन फुगलेलं असतं, ते सुकून आकसलं की पॉलिश सुटतं. आधीचं काही नसलं तरी रिमूव्हरने पुसून घे, हॅंडक्रीमचा तेलकटपणा जायला हवा. मग बेस कोट, दोन अगदी पातळ हात, मध्ये दोन-तीन मिनिटं, वर टॉपकोट. दर वेळी ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरून आडवा फिरव, टवका तिथूनच सुरू होतो. वरून कोरडं वाटलं तरी आतून कडक व्हायला काही तास लागतात, लगेच झोपलीस तर सकाळी चादरीची वीण नखावर.

गेटवरचा
आम्हाला पण रोज चेक असतो. डबीतलं मेणाचं पॉलिश, कापडावर पाण्याचा थेंब, आणि लहान लहान गोल फिरवायचं. चमक फक्त टोकाला आणि टाचेला काढा, बूट वाकतो तिथे थर दिला की तडकतो.

मोगरा
दादा, धागा नखांचा आहे 😄 पण नवऱ्याला वाचून दाखवते.

जेलवाली
एवढा खटाटोप कशाला, सरळ शीर जेल करा, दोन आठवडे बघायला नको. फक्त मधे गॅप घ्या म्हणजे नखं श्वास घेतात.

गगनविहारी
नख श्वास घेत नाही गं, ते मेलेलंच असतं, जे काही मिळतं ते मुळाशी रक्तातून. जेलनंतर नखं पातळ होतात ती बहुतेक वेळा घाईत खरवडल्यामुळे. ऍसिटोनचा बोळा फॉइलमध्ये गुंडाळून १०-१५ मिनिटं ठेवायचा, तरी सुटलं नाही तर परत गुंडाळायचा, ओढायचं नाही.

जेलवाली
असेल, पण गॅप घेतला की माझी नखं सुधारतात हे नक्की.

बुफेवाला
आम्हा पोरांचं काय ते पण सांगा. मी क्लिअर लावलं तर कॅप्टन म्हणे चालेल, मॅनेजर म्हणे पूस. वर बुफेवर हळदीच्या रश्श्याने तेच क्लिअर पिवळं पडतं, म्हणजे नुसत्या नखापेक्षा घाण दिसतं. आता बफर वापरतो, खरखरीत बाजू सोडून फक्त शेवटच्या मऊ दोन, आणि ते पण महिन्यातून एकदाच, जास्त घासलं की नख पातळ होऊन गरम प्लेट धरताना चटका बसतो. किचनमधल्यांना तर पॉलिश अजिबात नाही.

सईबाई
माझी केस वेगळी. भावाच्या लग्नातली मेंदी तळव्यावरून दोनेक आठवड्यांत गेली, पण नखांवरचा केशरी तसाच. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं म्हणजे पुरता जायला पाच-सहा महिने! शीर लावलं की खालून केशरी दिसतंच.

गगनविहारी
तुला खाली एक हात दाट रोझ-बेजचा लागेल, त्यावर शीर. गुलाबीकडे झुकणारा घे, पीच घेतलास तर केशरी अजून खुलेल. पुढच्या वेळी मेंदीच्या आधी नखांवर क्लिअरचे दोन हात द्यायचे, मेंदी उतरली की रिमूव्हरने पुसायचं. कडेच्या कातडीवर रंग चढतोच, त्याला इलाज नाही.

सईबाई
आणि तळव्यावरची चालते का ड्युटीवर? आमचे एचआर म्हणतात लग्नाचं पत्र आणा.

मोगरा
आमच्याकडे नवरीला सूट आहे, करवलीला नाही म्हणे.

जेलवाली
आमच्याकडे पत्र आणलं तरी बॅक ऑफिसला बसवतात, रंग जाईपर्यंत.