परदेशी बँकेतल्या व्हाइस प्रेसिडेंटला 'उपाध्यक्ष' लिहावं का?

शनिवारपेठी: सोसायटीच्या दिवाळी अंकात लेखकांचे परिचय द्यायचेत. संपादकांचं म्हणणं, एकही इंग्रजी हुद्दा नको. एका लेखिका खराडीतल्या परदेशी बँकेत 'असोसिएट व्हाइस प्रेसिडेंट, क्रेडिट रिस्क' आहेत. मी 'सहयोगी उपाध्यक्ष, पत जोखीम' केलं, तर त्या चिडल्या. मराठी अंकात मराठी पदनाम चुकीचं कसं?

प्रूफवाली: वाचणाऱ्याला भलतंच कळतं, म्हणून चुकीचं. आपल्याकडे 'बँकेच्या उपाध्यक्ष' म्हटलं की सहकारी बँक डोळ्यांपुढे येते. संचालक मंडळ निवडून येतं आणि त्यातून अध्यक्ष, उपाध्यक्ष ठरतात. परदेशी बँकांत व्हाइस प्रेसिडेंट ही बढतीची एक पायरी आहे, एकाच कार्यालयात असे कितीतरी जण असतात. शिवाय 'सहयोगी' आलं सहयोगी प्राध्यापकावरून. दोन ठिकाणचे तुकडे जोडून तुम्ही कुठेच नसलेलं पद तयार केलंत.

आधी बघायचं, पद दिलं कोणी. शासनाच्या आणि विद्यापीठाच्या पदांना ठरलेली मराठी नावं आहेत, भाषा संचालनालयाचा पदनाम कोश त्यासाठीच आहे. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला कार्यकारी अभियंताच लिहायचं. खासगी कंपनीने आपल्या उतरंडीसाठी ठेवलेलं नाव मात्र देवनागरीत तसंच राहू द्या आणि पुढे काम मराठीत सांगा. तुमच्या लेखिकेचं असं होईल: 'खराडीतील एका परदेशी बँकेत असोसिएट व्हाइस प्रेसिडेंट. कर्जदार कर्ज फेडेल की थकवेल, याचा अंदाज बांधण्याचं काम करतात.' 'विभागप्रमुख' वगैरे मनाने घालू नका. या श्रेणीत हाताखाली एकही माणूस नसलेले पुष्कळ असतात.

मायमराठी: ही नेहमीची सबब! सावरकरांनी महापौर दिला तेव्हा तोही नवाच होता. वापरला म्हणून रुळला. तुम्ही वापरणारच नसाल तर रुळणार कसा? आयटीतल्या डायरेक्टरला बिनधास्त 'संचालक' लिहा.

प्रूफवाली: महापौर हा शब्द तेव्हा रिकामा होता, संचालक रिकामा नाही. कंपनी कायद्यात संचालक म्हणजे मंडळावरचा माणूस. त्याला डीआयएन क्रमांक असतो, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत त्याचं नाव सापडतं. हिंजवडीतला 'डायरेक्टर, इंजिनिअरिंग' बहुतेक वेळा पगारी अधिकारी असतो आणि त्या नोंदीत नसतो. अंकात संचालक छापलंत तर न केलेला दावा त्याच्या नावावर चढतो.

मायमराठी: बरं, डायरेक्टर सोडला. पण म्हणून सेल्स एक्झिक्युटिव्हही इंग्रजीच ठेवणार का?

प्रूफवाली: नाही. 'विक्री प्रतिनिधी' सगळ्यांना कळतं, तेच लिहा. 'विक्री कार्यकारी' मात्र नको, त्यातून काहीच बोध होत नाही.

चाकणकर: माझ्या परिचयात क्वालिटी इंजिनिअरचं 'गुणवत्ता निरीक्षक' करून टाकलं होतं. निरीक्षक लाइनवर गेज लावून पार्ट पास-नापास करतो. मी रिजेक्शन का वाढलं त्याचं कारण शोधतो आणि प्रोसेस बदलायला लावतो. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण वेगळी आहेत.

वधूपिता: आमच्या मुलीच्या बायोडाटात 'सीनिअर असोसिएट' आहे. मराठीत लिहिलं तर स्थळं कमी येतील का?

प्रूफवाली: काका, इथे लेखक-परिचयाचं चाललंय. पण तुम्हीही हुद्दा तसाच ठेवा आणि काम एका ओळीत लिहा.

टिळकरोड: हे सगळं ठीक, पण 'प्रा.'चं काय ते बोला! अकरावी-बारावीला शिकवणारेही प्रा. आणि विद्यापीठातले विभागप्रमुखही प्रा. यूजीसीच्या नियमांत सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक ही पदं स्पष्ट वेगळी आहेत. तरी अंकात सगळे सरसकट प्रा.!

कनिष्ठमहाविद्यालय: तुम्हाला काय त्रास होतो? विद्यार्थी, पालक, गाव सगळे आम्हाला प्राध्यापक म्हणतात. तो मान आहे, चोरी नाही.

टिळकरोड: मान हाक मारताना द्या. छापताना पद लिहा.

कनिष्ठमहाविद्यालय: मग सहायक प्राध्यापकांचंही प्रा. काढा! तिथे हात थरथरतो. फक्त आमच्यावर नेम.

प्रूफवाली: भांडू नका. नावाआधी प्रा. हे संबोधन आहे, ते सहायक प्राध्यापकालाही लावतात आणि तुम्हालाही लावू द्यात. पद नावानंतर लिहायचं, तिथे सूट नाही: 'कनिष्ठ महाविद्यालयात मराठीचे शिक्षक'.

टिळकरोड: नावाआधी मला अजूनही पटत नाही. नावानंतरचं ठीक.

शनिवारपेठी: लेखिकेला प्रूफवालींचा मजकूर पाठवला. त्यांनी 'थकवेल' ठेवलं आणि पुढे 'क्रेडिट रिस्क विभागात' असं घातलं. आता संपादक म्हणतात विभागाचं नाव तरी 'पत जोखीम' करा.

मायमराठी: इथे तरी करा. पत आणि जोखीम, दोन्ही शब्द बाजारातले आहेत.

प्रूफवाली: विभागाच्या नावाला माझी हरकत नाही, त्याने हुद्दा बदलत नाही. पण मी असते तर 'कर्ज जोखीम' केलं असतं. पुण्यात पत म्हटलं की आधी पतसंस्था आठवते.

मायमराठी: पतसंस्था आठवली तर बिघडलं काय? कर्ज तीही देतेच. 'पत'च ठेवा.