न्यायाधीशाने स्वतः तपास करावा, की दोन्ही वकिलांचं ऐकून निकाल द्यावा?

रानवाट: इंग्लंड-अमेरिकेत दोन वकील भांडतात आणि न्यायाधीश ऐकतो, फ्रान्ससारख्या देशांत गंभीर गुन्ह्यांत न्यायाधीशच तपास करतो, साक्षीदारांना प्रश्नही तोच विचारतो. मला दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथे कोणाला जिंकायचं नसतं, खरं शोधायचं असतं. मग सगळ्यांनी तीच का घेऊ नये?

अभय_दे: पूर्ण सहमत. वकिलांच्या भांडणात ज्याच्याकडे पैसा त्याचा वकील भारी, म्हणजे सत्य पण त्याचंच. सगळा कायदा संहितेत, म्हणजे कोडमधे, लिहिलेल्या civil law देशांत न्यायाधीश कायद्याचं पुस्तक उघडतो, कलम बघतो, निकाल देतो. जुने निकाल शोधत बसायची भानगड नाही, प्रिसिडंट, म्हणजे जुना निकाल पुढे पाळायचं बंधन, हा प्रकारच नसतो तिकडे. आणि तपास न्यायाधीशाकडे असल्यामुळे पोलिसांना हवं ते लिहिता येत नाही.

सुमेधा_प्र: अभय, दोन गोष्टी एकत्र होतायत. कायदा कुठून येतो हा एक प्रश्न आणि खटल्यात पुरावा कोण गोळा करतं हा दुसरा. इटली कोडचा देश आहे, पण 1989 पासून तिथली फौजदारी पद्धत बरीचशी वकिलांच्या लढतीची आहे. उलट इंग्लंडमधे संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर नावाचा न्यायिक अधिकारी करतो, तिथे दोन बाजू नसतात, प्रश्न मुख्यतः कॉरोनर विचारतो.

प्रिसिडंटबद्दल म्हणाल तर 1804 च्या फ्रेंच कोडच्या पाचव्या कलमात न्यायाधीशांना सर्वसाधारण नियम घालून द्यायला खरंच बंदी आहे, क्रांतीच्या आधीची न्यायालयं स्वतःच कायदे केल्यासारखे हुकूम काढायची त्याचा तो राग. पण अपघाताच्या नुकसानभरपाईचा फ्रेंच कायदा बघा, कोडमधल्या एका ओळीवरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1930 च्या एका निकालात चालत्या गाडीने झालेल्या नुकसानीची जबाबदारी गाडी ज्याच्या ताब्यात त्याच्यावर टाकली आणि पुढे अनेक वर्षं खालची न्यायालयं तेच धरून चालली. बंधनकारक नाही असं म्हणतात, पण तसं वागून बघा, वर गेल्यावर निकाल रद्द होतो.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘खरं शोधायचं असतं’ हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण उत्रो प्रकरण आहे.

उत्तर फ्रान्समधलं उत्रो हे छोटं गाव, 2001 मधे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा तपास एका तरुण तपास न्यायाधीशाकडे आला. एका आरोपी बाईने स्वतःचा गुन्हा कबूल केला आणि सोबत एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. शेजारी, टॅक्सीवाला, धर्मगुरू, कोर्टाचा बेलिफ, बेकरीवाली. न्यायाधीशाने एकेका आरोपीला समोर बसवलं आणि ती बाई धरून आरोप करणाऱ्या तिघांना एकाच वेळी समोर आणलं, म्हणजे पहिल्याचं ऐकून दुसरा हो म्हणणार हे उघड होतं. बचाव पक्षाच्या वकिलांनी प्रत्येकाला वेगवेगळं समोर आणा म्हणून अर्ज केले, नाकारले गेले. मानसतज्ज्ञांनी मुलं विश्वासार्ह आहेत असं लिहिलं. जामिनाचे अर्ज वरच्या न्यायालयाने फाईल बघून फेटाळले, आणि ती फाईल त्याच न्यायाधीशाने तयार केलेली.

2004 मधे 17 जण खटल्याला उभे राहिले (एक जण कोठडीतच वारला होता), काही जण तोपर्यंत तीन तीन वर्षं आत होते. उघड सुनावणीत त्या बाईला समोरासमोर विचारल्यावर तिने सांगितलं की बाकीच्यांबद्दल ती खोटं बोलली होती, नंतर पुन्हा शब्द फिरवला. 7 सुटले, 10 दोषी ठरले, त्यातल्या 6 जणांनी अपील केलं आणि डिसेंबर 2005 मधे पॅरिसमधे ते सहाही निर्दोष सुटले. म्हणजे 13 जण. चौघांचा गुन्हा खरा होता, तो टिकला.

यात एका माणसाच्या हेतूत खोट होती असं म्हणायची गरजच नाही. ज्याने संशय धरला त्यानेच आरोपीच्या बाजूचाही पुरावा शोधायचा, हे काम एका डोक्याला झेपत नाही. पहिल्या महिन्यात जे चित्र मनात बसतं त्याला जुळेल तेच पुढे दिसत जातं.

अभय_दे: ताई, प्रिसिडंटचं मान्य. पण उत्रो एक केस आहे. एका केसवरून पद्धत वाईट कशी ठरते?

निशिगंधा: मी अभयच्या बाजूने, पण कारण वेगळं. सुमेधाताई, उत्रोमधे बचाव पक्षाच्या वकिलांनी अर्ज केले असं तुम्हीच लिहिलंत, मग ते काय बघून केले? फाईल बघून. फ्रान्समधे 1897 पासून तपासाच्या टप्प्यावरच वकिलाला फाईल बघता येते. इंग्लंडमधे पुरावा पोलिसांच्या कपाटात असतो आणि त्यातलं काय द्यायचं ते पोलीस आणि सरकारी वकील ठरवतात.

1974 च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटात सहा जणांना जन्मठेप झाली, 1991 मधे सुटले, 16 वर्षांनी. त्यांच्या खटल्यात उलटतपासणी झाली होती, उत्तम वकील होते, ज्युरी होती. काय उपयोग? रसायनाच्या चाचणीवर विसंबून निष्कर्ष काढला होता तो टिकण्यासारखा नव्हता आणि पोलिसांच्या नोंदींत फेरफार होते, पण ते बचावाच्या वकिलाला त्या वेळी कसं कळणार? नंतर कायदा झाला, 1996 चा, आरोपीच्या बाजूने जाणारा माग सुद्धा पोलिसांनी काढावा आणि असं साहित्य बचावाला द्यावं. तरी 2017 मधे लंडनला बलात्काराचा एक खटला सुरू झाल्यावर कोसळला, कारण तक्रारदार बाईच्या फोनमधले सुमारे 40,000 मेसेज बचावाला दिलेच नव्हते. नव्याने आलेल्या सरकारी वकिलाने आग्रह धरून ते द्यायला लावले म्हणून, नाहीतर त्या मुलाचं काय झालं असतं? दोन वर्षं टांगणीला होता तो.

लढत बरोबरीची असेल तर ठीक. एका बाजूला पोलीस खातं, प्रयोगशाळा, आणि दुसऱ्या बाजूला एक वकील ज्याला माहितीच नाही की काय मागायचं.

बापू_काळे: माझी स्वतःची वाटणीची केस चालू आहे म्हणून विचारतो, civil law म्हणजे दिवाणी ना? घराची किंमत ठरवायला भावाने एक तज्ज्ञ आणला मी एक आणला, दोघांच्या आकड्यात जवळपास दुपटीचा फरक, दोघेही शपथेवर. न्यायाधीशांनी एकही प्रश्न विचारला नाही हो. मग ते फ्रान्सवाले आमच्यासारख्यांना बरे की नाहीत?

सुमेधा_प्र: बापूसाहेब, इथे ते नाव रोमन कायद्यातून आलेल्या कोडच्या देशांसाठी वापरतात, दिवाणी-फौजदारी दोन्ही त्यात येतं. पण तुमचा प्रश्न अगदी इथलाच आहे. तज्ज्ञाच्या बाबतीत मी फ्रेंच पद्धतीच्या बाजूने आहे. तिथे तज्ज्ञ न्यायालय नेमतं, दोन्ही पक्षांना त्याच्यासमोर म्हणणं मांडता येतं, मग तो अहवाल देतो. इंग्लंडनेही 1999 च्या दिवाणी नियमांत दोघांत मिळून एकच तज्ज्ञ नेमायची सोय केली, आपापल्या भाडोत्री तज्ज्ञांमुळे खर्च आणि वेळ वाढत होता म्हणूनच. तुम्ही वकिलांना विचारा, न्यायालयानेच मूल्यमापक नेमावा असा अर्ज करता येतो का.

फक्त एक, उत्रोमधले मानसतज्ज्ञ पण न्यायालयानेच नेमले होते. एकच तज्ज्ञ चुकला तर त्याला खोडणारा दुसरा नसतो. घराच्या किमतीत ती जोखीम चालते, माणूस तुरुंगात जाणार असेल तिथे मला चालत नाही.

निशिगंधा, फाईल बघायला मिळते हा तुमचा मुद्दा मजबूत आहे आणि मी तो घेते. पण बघायला मिळणं आणि त्यात काही घालता येणं वेगळं. अमुक साक्षीदार तपासा म्हणून अर्ज करायचा, न्यायाधीश कारण देऊन नाही म्हणू शकतो.

विराज_म: मला वाटतं भांडण तपास कोण करतो यावर नाहीच. निकाल देणाऱ्याने सुनावणीच्या आधी काय वाचलेलं असावं, यावर आहे. इटलीने यावरच हात घातला. 1989 च्या पद्धतीत दोन फाईली केल्या. जाड फाईल सरकारी वकिलाची, तपासातले सगळे जबाब त्यात, ती बचावाला दिसते पण निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला नाही. त्याच्या टेबलावर पातळ फाईल, आरोपपत्र आणि पुन्हा करता न येणाऱ्या गोष्टी, जसं फोन टॅपिंग, जप्ती. बाकी सगळं साक्षीदाराने त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं. म्हणजे निशिगंधाला हवं ते पण मिळालं आणि सुमेधाताईंना पण.

रानवाट: हे तर सगळ्यात चांगलं वाटतंय. मग तिथे प्रश्न सुटला?

विराज_म: नाही सुटला. माफियाचे खटले. साक्षीदार तपासात सगळं सांगायचा आणि न्यायालयात आल्यावर गप्प, का ते सांगायला नको. जाड फाईलमधला जबाब समोर दिसतोय आणि न्यायाधीशाला तो वापरता येत नाही, आरोपी सुटतो. 1992 मधे घटनात्मक न्यायालयाने निकाल देऊन असे जुने जबाब पुरावा म्हणून वापरायला बरीच मोकळीक दिली, सत्य शोधणं हेच खटल्याचं मुख्य काम असं म्हणून. म्हणजे फाईल मागच्या दाराने परत आली. मग संसदेने 1999 मधे थेट राज्यघटनाच बदलली, कलम 111, की समोरासमोर तपासला गेलेलाच पुरावा चालेल, पण धमकी देऊन किंवा पैसे देऊन साक्षीदार फोडला असेल तर अपवाद.

अभय_दे: मग न्यायालयाचं 1992 चं बरोबरच होतं की. साक्षीदाराला गप्प केलं तर त्याचा जबाब का फेकायचा?

सुमेधा_प्र: कारण तो बाहेर दिलेला जबाब कसा घेतला गेला ते कोणाला माहीत? उत्रोत तो कागद वाचूनच वरची न्यायालयं जामीन नाकारत राहिली. धमकीचा अपवाद ठीक आहे, पण धमकी झाली हे सिद्ध करायला लागेल, नुसता साक्षीदार उलटला म्हणून जुना जबाब उचलता कामा नये. हे अभयला कडक वाटेल, मला आवश्यक वाटतं.

निशिगंधा: आणि ताई, लढतीच्या पद्धतीचा सगळा युक्तिवाद उलटतपासणीवर उभा आहे ना? अमेरिकेत फेडरल न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक गुन्हा कबूल करून मोकळे होतात, खटला उभाच राहत नाही. कबूल कर, नाहीतर खटल्यात हरलास तर कितीतरी जास्त शिक्षा. तिथे साक्षीदार कोणी बघितलाच नाही. अशा माणसासाठी तपासाची फाईल एखाद्या न्यायाधीशाने नीट वाचलेली मला बरी वाटते.

सुमेधा_प्र: त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कबुलीआधी फाईल संपूर्ण उघडी करणं सक्तीचं हवं इतकं नक्की म्हणेन. पण फाईल वाचणारा न्यायाधीश आणि फाईल तयार करणारा न्यायाधीश एकच नसावा. जर्मनीने 1975 मधे तपास न्यायाधीशाचं पद काढलं, तपास सरकारी वकिलांकडे दिला, आणि तरी तिथे सुनावणीत प्रश्न मुख्यतः न्यायाधीशच विचारतो. फ्रान्समधे 2009 मधे ते पद काढायची घोषणा झाली होती, झालं नाही.

अभय_दे: झालं नाही ते बरंच झालं. सरकारी वकील सरकारच्या हाताखाली असतो तिकडे. मंत्र्याच्या भ्रष्टाचाराचा तपास कोण करणार मग, मंत्र्याचाच वकील? तपास न्यायाधीश निदान स्वतंत्र तरी आहे.

विराज_म: हा मुद्दा खरंच जड आहे. विरोध झाला तो मुख्यतः याच कारणाने. म्हणून मी म्हणेन की आधी सरकारी वकिलांना मंत्र्यांपासून मोकळं करा, इटलीत मंत्री त्यांना आदेश देऊ शकत नाही, मगच तपास न्यायाधीश काढायची भाषा करा.

बापू_काळे: वकिलांना विचारलं. म्हणाले अर्ज करता येईल, पण न्यायालयाने नेमलेल्या माणसाचा आकडा भावाच्या बाजूने आला तर मग खोडायला अवघड जाईल. आता करू की नको?

निशिगंधा: बापूसाहेब, तुमच्या माणसाचा आकडा कशावर आधारलाय ते आधी बघा. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या नोंदींवर असेल तर अर्ज करा. नुसता अंदाज असेल तर नवा तज्ज्ञ तुमच्या बाजूने यायचं काही कारण नाही.