जुनी प्रियस (2012) घेतेय, हायब्रिड बॅटरी अजून किती टिकेल? बदलायला खरंच किती खर्च येतो?

राधिका_एडिसन:
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, मदत हवी आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, नवऱ्याला नवीन नोकरीसाठी रोज 40 मैल जायचंय म्हणून दुसरी गाडी शोधतोय. 2012 ची टोयोटा प्रियस बघितली, 1,38,000 मैल झालेत, मालक 6,900 डॉलर म्हणतोय. गाडी आतून स्वच्छ आहे आणि तो म्हणाला 2021 मध्ये हायब्रिड बॅटरी बदललीये, पावती पण दाखवली. आता प्रश्न असा की बदललेली असेल तर निर्धास्त राहायचं का, आणि पुन्हा गेली तर किती पैसे लागतात? नेटवर कोणी हजार म्हणतं कोणी चार हजार, डोकं फिरायची वेळ आलीये. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय त्याला.

विजयकाका_ठाणे:
अगं घे की, काही होत नाही. माझी एर्टिगा पण हायब्रिडच आहे, सीटखाली छोटीशी लिथियम बॅटरी आहे, इतकी वर्षं झाली आजवर हात लावायला लागला नाही.

सॅक्रामेंटोकर:
काका, तुमची एर्टिगा माइल्ड हायब्रिड, तिची छोटी बॅटरी इंजिनाला नुसता टेकू देते. प्रियसमध्ये मागच्या सीटच्या पाठी 28 छोट्या बॅटऱ्यांचा, म्हणजे मॉड्यूलचा, 200 व्होल्टचा पॅक असतो आणि गाडी त्याच्यावर चालते सुद्धा, त्यामुळे ही तुलना इथे लागू होत नाही.

राधिकाताई, आधी ती पावती नीट वाचा. त्यावर "new" लिहिलंय की "refurbished" का "reconditioned"? बहुतेक वेळा स्वस्तातली बदलाबदली म्हणजे जुन्याच पॅकमधली मेलेली दोन-तीन मॉड्यूल काढून दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या पॅकमधली बसवलेली असतात. तसं असेल तर 2021 या आकड्याला काही अर्थ नाही, आतली बाकीची मॉड्यूल 2012 चीच आहेत.

राधिका_एडिसन:
बघितली. "refurbished" आहे, 18 महिन्यांची वॉरंटी होती, ती पण पहिल्या मालकापुरतीच. म्हणजे संपलीच.

गॅरेजवाला_पुणेकर:
ताई घाबरू नका हो, सगळा पॅक कशाला बदलायचा. कुठलं मॉड्यूल गेलंय ते शोधायचं, जुनं एक 40-50 डॉलरला मिळतं, नट काढून बसवून द्यायचं, दोन तासाचं काम. माझ्या मित्राने कॅलिफोर्नियात केलंय, गाडी पळतेय.

सॅक्रामेंटोकर:
दादा, सुरुवातीला एखाददुसरंच मॉड्यूल मरतं हे तुमचं बरोबर. पण ते का मरतं ते बघा. पॅकच्या मधली मॉड्यूल जास्त तापतात, तीच आधी जातात, आणि तोपर्यंत शेजारची पण म्हातारी झालेली असतात. तुम्ही एक बदललंत की त्याची क्षमता बाकीच्यांशी जुळत नाही, चार-सहा महिन्यांत शेजारचं मरतं, पुन्हा सीट काढा. मी स्वतः माझ्या आधीच्या प्रियसला दोनदा हे केलं आणि तिसऱ्या वेळी पूर्ण पॅक घेतला, तेव्हा कळलं की आधीचे दोन्ही शनिवार-रविवार वाया गेले. तुमच्या मित्राची गाडी अजून वर्षभर पळाली तर मला आनंदच आहे. आणि हे घरी करायचं असेल तर केशरी सर्व्हिस प्लग काढून दहा मिनिटं थांबल्याशिवाय आणि हाय व्होल्टेजचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका, 200 व्होल्ट डीसी माणूस मारतं.

ताई, तुमच्याकडे चाचणीचा सोपा मार्ग आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि एरर कोड वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी रीडर आणा, 20-30 डॉलरचा, आणि फोनवर Dr. Prius हे अ‍ॅप टाका. त्यात पॅकचे 14 ब्लॉक दिसतात, एका ब्लॉकमध्ये दोन मॉड्यूल. गाडी नुसती उभी असताना सगळे सारखेच दिसतात, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हायवेच्या रॅम्पवर पाय दाबून गाडी पळवा आणि शेजारी बसलेल्याला आकडे बघायला सांगा. सगळे ब्लॉक एकत्र खाली येतात आणि फरक 0.2-0.3 व्होल्टच्या आसपास राहिला तर ठीक. एखादाच ब्लॉक एकदम एक-सव्वा व्होल्टने खाली पडला तर त्यातला एक सेल गेलाय, कारण एक सेल साधारण तेवढ्याचाच असतो.

अजून एक, आधी एरर कोड पुसलाय का ते बघा. P0A80 हा बॅटरीचा कोड, तो पुसला की दिवा जातो पण काही दिवसांनी परत येतो. रीडरवर "readiness monitors", म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी नुकतंच पुसलंय असं समजा, किंवा 12 व्होल्टची बॅटरी काढलेली असेल, दोन्हीत तसंच दिसतं, म्हणून मालकाला विचारा.

स्नेहल_डॅलस:
माझ्या आईकडे 2011 ची होती, फक्त 70,000 मैल. आम्हाला वाटलं कमी चालली म्हणजे चांगली असणार. पण ती महिनोनमहिने उभीच असायची आणि वरून टेक्सासचं ऊन, बॅटरी गेलीच. मेकॅनिक म्हणाला उभी ठेवली की सेल आपोआप उतरतात, सगळे सारखे उतरत नाहीत, तिथून बिघाड सुरू होतो. त्यात मागच्या सीटजवळचा बॅटरीच्या पंख्याचा जाळीदार झरोका कुत्र्याच्या केसांनी बंद होता, हवाच जात नव्हती. तो झरोका बघा आधी, फुकटात बघता येतो.

राधिका_एडिसन:
रीडर आणला, काल संध्याकाळी नवऱ्याबरोबर जाऊन आले. झरोक्यात धूळ होती पण बंद नव्हता. उभी असताना सगळे 16.1 च्या आसपास. रॅम्पवर बाकीचे 14 च्या जवळ आले आणि आठवा ब्लॉक 12.7!! तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तोच. कोड काही नव्हता, मॉनिटर पूर्ण आहेत. डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या रेघा पण भरभर वर जातात भरभर खाली येतात, मला वाटलं तसंच असतं.

सॅक्रामेंटोकर:
तसं नसतं. रेघा भरभर चढतात-उतरतात म्हणजे क्षमता कमी झालीये, छोट्या भांड्यात पाणी भरल्यासारखं. आठवा ब्लॉक मधलाच आहे, दिवा अजून लागला नाही एवढंच, एक उन्हाळा तरी काढेल का सांगता येत नाही.

पैशाचं सांगतो, माझ्या बाजूला मागच्या वर्षी मागवलेल्या कोटेशनवरून. जुन्या मॉड्यूलचा पॅक घरी येऊन बसवून देणारे 1,100 ते 1,500. नवीन सेलचा बाहेरच्या कंपनीचा पॅक बसवून दोन हजारच्या आसपास. डीलरकडे टोयोटाचा नवीन पॅक मजुरीसकट 2,500 ते 3,500, आणि त्यात जुना पॅक परत दिला नाही तर हजारच्या वर डिपॉझिट जातं, ते कोटेशनमध्ये धरलंय का ते विचारा. नेटवरचे हजार आणि चार हजार दोन्ही खरे, वस्तू वेगळ्या. तुम्ही पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर जुन्या मॉड्यूलच्या वाटेला जाऊ नका.

म्हणून बॅटरी गेलीये असं धरूनच भाव करा. 6,900 मधून किमान 2,000 वजा. पण माझी खरी भीती बॅटरीची नाहीये. या पिढीत, 2010 ते 2015, धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणारा ईजीआर काजळीने भरतो आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, जातं, तो खर्च बॅटरीपेक्षा मोठा निघू शकतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना गाडी थरथरली, खडखड वाजली, तर तो प्रकार. मालकाला सांगा तुम्ही यायच्या आधी गाडी सुरू करायची नाही.

कॅमरीवाला_कोथरूड:
धागा चोरतोय, माफ करा. 2015 ची कॅमरी हायब्रिड बघतोय पुण्यात, तिला पण हेच लागू का? भारतात पॅक कितीला?

सॅक्रामेंटोकर:
जात तीच, निकेलचीच, फक्त 34 मॉड्यूल. चाचणी तशीच. किमतीसाठी चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून पार्टचा भाव लेखी घ्या, तोंडी आकड्यावर व्यवहार करू नका.

राधिका_एडिसन:
आकड्यांचे स्क्रीनशॉट मालकाला दाखवले. आधी चिडला, मग 5,200 वर आला. आम्ही 4,900 म्हणतोय. उद्या सकाळी साडेसातला थंड इंजिन बघायला जातोय आणि एका मेकॅनिककडून कूलंटची प्रेशर टेस्ट करून घेणार आहोत, तो 120 डॉलर घेणार. स्नेहल, तुझ्या आईच्या गाडीचं नंतर काय केलंत, विकली का बदलली?