१५ टक्के परतावा, तरी ईव्हीए उणे?

> "ऑपरेटिंग नफा १२ कोटी, गुंतलेलं भांडवल ८० कोटी, म्हणजे परतावा १५ टक्के. भांडवलाचा खर्च १२ टक्केच आहे. मग हेड ऑफिस ईव्हीए उणे कसा दाखवतं?"

ईव्हीए म्हणजे करानंतरच्या ऑपरेटिंग नफ्यातून भांडवलाचा खर्च वजा करून जे उरतं ते. तुमचे १५ टक्के करापूर्वीचे आहेत आणि ते १२ टक्के बहुधा करानंतरचे. ही गल्लत फार ठिकाणी होते. कर साधारण २५ टक्के धरला तर १२ कोटींचे ९ कोटी उरतात. ८० कोटींवर १२ टक्के म्हणजे ९.६ कोटी. ईव्हीए उणे ६० लाख. व्याज मात्र नफ्यातून वेगळं वजा करू नका, ते त्या १२ टक्क्यांत आधीच धरलेलं असतं.

आता उधारी बघा. ग्राहकांकडे अडकलेल्या रकमेतले १० कोटी विक्री न घटवता मोकळे झाले, तर भांडवल ७० कोटी, त्याचा खर्च ८.४ कोटी, आणि तोच ईव्हीए अधिक ६० लाख. नफ्यात एका रुपयाचाही फरक नाही!

एक धोका सांगतोच. घसारा वजा होऊन जुनी यंत्रं पुस्तकात जवळजवळ शून्यावर आली असतील, तर भांडवल कमी दिसतं आणि ईव्हीए फुगतो. अशा वेळी मॅनेजर नवी यंत्रं घ्यायचं टाळतात. म्हणून मालमत्तेचं वय जरूर तपासा.